रेनबोची क्लोन सीसी, पण नारिंगी रंग गेला कुठे?

[पडद्यावर: दोन मांजरी शेजारी शेजारी. डावीकडे तीन रंगांची रेनबो, उजवीकडे पट्ट्यापट्ट्यांची सीसी]

२२ डिसेंबर २००१ ला अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत मांजराचं एक पिल्लू जन्माला आलं. जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर. तयार केलेले ८७ भ्रूण मांजरींच्या गर्भाशयात सोडले होते, त्यातलं हे एकच जगलं. नाव ठेवलं सीसी, म्हणजे कॉपीकॅट. जिच्या पेशीतून हिला बनवलं ती रेनबो, अंगावर काळपट, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग असलेली, आपल्या गल्लीत असती तर आपण कबरी म्हटलं असतं अशी. डीएनए टेस्ट केली तर दोघींचा डीएनए अगदी तोच. आणि तरी सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा एक केस नव्हता! पांढरं अंग आणि त्यावर काळपट-तपकिरी पट्टे, बस्स.

क्लोन म्हणजे झेरॉक्स असं समजणाऱ्यांचा तेव्हा बऱ्यापैकी हिरमोड झाला. पण मला विचाराल तर सीसी रेनबोसारखी दिसली नाही हीच त्या प्रयोगातली सगळ्यात भारी गोष्ट, कारण कबरी मांजर कबरी का असते आणि ती जवळपास नेहमी मादीच का असते, ह्याचं उत्तर तिथेच आहे.

[पडद्यावर: केसांचा क्लोजअप, एक काळा, एक नारिंगी]

मांजरांच्या केसात मुळात रंगद्रव्यं दोनच. एक काळपट, युमेलॅनिन. दुसरं पिवळं-तांबूस, फिओमेलॅनिन. करडं, चॉकलेटी, क्रीम असे जे बाकीचे रंग दिसतात ते ह्या दोघांचेच कमीजास्त फिके प्रकार. पांढरा म्हणजे रंगच नाही, तिथे रंग बनवणाऱ्या पेशीच पोचलेल्या नाहीत. आता केसात काळं भरायचं की नारिंगी, हे ठरवणारी जागा आहे एक्स क्रोमोझोमवर, आणि सगळी गंमत ह्या एका गोष्टीमुळे होते.

बोक्याकडे एक एक्स आणि एक वाय. एक्स एकच असल्यामुळे त्यावर नारिंगीवाली आवृत्ती असेल तर बोका नारिंगी, नसेल तर काळा किंवा काळपट पट्ट्यांचा, मधलं काही नाही. मादीकडे दोन एक्स, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. दोन्हीवर नारिंगी असेल तर ती नारिंगी, दोन्हीवर नसेल तर काळी, आणि एकावर आहे एकावर नाही अशी असेल तर ती टॉर्टी, म्हणजे काळ्या-नारिंगीची सरमिसळ, आणि त्यात पांढरे डाग आले की तिलाच कॅलिको म्हणतात.

[पडद्यावर: काळी मांजर, नारिंगी बोका, खाली पिल्लं]

एक जोडी घेऊन बघू. काळी मांजर, नारिंगी बोका. मुलग्यांना एक्स फक्त आईकडून मिळतो, कारण बापाने त्यांना वाय दिलेला असतो, म्हणून बोके सगळे काळे. मुलींना एक एक्स आईचा काळा, एक बापाचा नारिंगी, म्हणून मुली सगळ्या टॉर्टी. आता उलटं करा, आई नारिंगी आणि बाप काळा, तर मुली परत टॉर्टीच पण मुलगे सगळे नारिंगी. आणि आई टॉर्टी, बाप काळा असेल तर मुलग्यांत अर्धे नारिंगी अर्धे काळे निघू शकतात, मुलींत काळ्या आणि टॉर्टी, पण नारिंगी मुलगी? नाही निघणार. त्यामुळे टॉर्टी मांजरीच्या पिल्लांत एक जरी नारिंगी मुलगी दिसली तर तिचा बाप नारिंगीच होता हे ठामपणे सांगता येतं. बाकीच्या पिल्लांचा बाप तोच असेल असं नाही हां, मांजरीच्या एकाच वेतात दोन-तीन बोक्यांची पिल्लं असू शकतात.

लोक म्हणतात नारिंगी मांजरांत ८० टक्के बोके असतात. हा आकडा कुठून येतो ते बघा. समजा एखाद्या गावात मांजरांच्या पाच एक्सपैकी एक नारिंगीवाला आहे. मग १०० बोक्यांत नारिंगी साधारण २०. पण मादीला दोन्ही एक्स नारिंगी लागतात, पाचातला एक आणि परत पाचातला एक, म्हणजे पंचविसात एक, १०० माद्यांत फक्त ४. वीस आणि चार, म्हणजे नारिंगी मांजरांत ८३ टक्के बोके झाले. आणि त्याच १०० माद्यांत टॉर्टी निघतील ३२. पण हे प्रमाण कुठे दगडावर कोरलेलं नाही. दुसऱ्या गावात निम्मे एक्स नारिंगी असले तर १०० बोक्यांत ५० नारिंगी आणि १०० माद्यांत २५, म्हणजे तिथे नारिंगी माद्या सर्रास दिसतील.

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकातली पेशी, केंद्रकाच्या कडेला गडद ठिपका]

आता खरा प्रश्न. टॉर्टीकडे काळ्याची आणि नारिंगीची दोन्ही माहिती आहे, मग दोन्ही मिसळून सगळं अंग एकसारखं तपकिरी का नाही होत, ठिगळं का पडतात?

१९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि एवार्ट बर्ट्रम हे दोघं मांजरांच्या मज्जापेशी बघत होते, विषय वेगळाच होता, पण त्यांच्या लक्षात आलं की माद्यांच्या पेशींत केंद्रकात एक छोटा गडद ठिपका दिसतो, नरांच्या पेशींत तसा दिसत नाही. नुसतं पेशीकडे बघून नर की मादी सांगता यायला लागलं. तो ठिपका नेमका कसला हे तेव्हा कळलं नव्हतं. १९६१ मध्ये ब्रिटनच्या मेरी लायन ह्यांनी, त्या उंदरांवर काम करायच्या, सांगितलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केला जातो. कारण दोन्ही चालू राहिले तर एक्सवरच्या जीन्सचा माल नरापेक्षा दुप्पट तयार होईल. तो गडद ठिपका म्हणजे हाच गुंडाळून बंद केलेला एक्स. आणि लायनबाईंनी त्याच लेखात टॉर्टी मांजरीचा दाखलाही दिला होता.

हे बंद करणं होतं भ्रूण अगदी लहान असताना, आणि कुठल्या पेशीत आईचा एक्स बंद पडेल कुठल्या पेशीत बापाचा हे नशिबावर. पण एकदा ठरलं की ठरलं, त्या पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी होतील त्या सगळ्यांत तोच एक्स बंद राहतो. रंगाच्या पेशींची सुरुवात भ्रूणाच्या पाठीच्या रेषेवर होते आणि तिथून त्या वाढत वाढत पोटाकडे, पायांकडे सरकतात. ज्या पेशीत नारिंगीवाला एक्स चालू राहिला तिची सगळी प्रजा नारिंगी, शेजारणीची काळी, आणि त्यातून गोधडीसारखी ठिगळं तयार होतात. म्हणूनच दोन टॉर्टी कधी सारख्या दिसत नाहीत.

पांढऱ्या डागांचा जीन वेगळा आहे, त्याचं नाव किट, आणि तो एक्सवर नाही, त्यामुळे पांढरे डाग नर-मादी दोघांतही येतात. पण एक निरीक्षण करून बघा, अंगावर पांढरं जितकं जास्त तितकी काळी आणि नारिंगी ठिगळं मोठी आणि सुटसुटीत, आणि पांढरं अजिबात नसेल तर दोन्ही रंग केसाकेसाला मिसळलेले. पांढऱ्या डागांच्या मांजरीत मुळात रंगाच्या पेशीच कमी निघतात, मग त्यातली प्रत्येक पेशी मोठी जागा व्यापते.

[पडद्यावर: पुन्हा सीसी, खिडकीत बसलेली]

आता सीसीकडे या. रेनबोच्या अंगात दोन प्रकारच्या पेशी होत्या, पण क्लोन करताना घेतली एकच पेशी. त्या पेशीत नारिंगीवाला एक्स आधीच बंद होता. खरं तर अंड्यात गेल्यावर तो बंदपणा पुसला जाऊन पुन्हा नव्याने नशिबाचा खेळ व्हायला हवा होता, तो झाला नाही असं मानतात, आणि सीसीच्या सगळ्या अंगात नारिंगी बंदच राहिला. जीन होता, वापरात नव्हता. बाकी बाई मस्त जगल्या, २००६ मध्ये पिल्लं झाली, आणि मार्च २०२० मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी गेल्या.

[पडद्यावर: तीन रंगांचा बोका]

मग टॉर्टी बोका असूच शकत नाही का? असतो, पण दुर्मिळ, साधारण तीन हजारात एक असं सांगतात. जपानमध्ये असा बोका शुभ मानायचे आणि खलाशी जहाजावर ठेवायचे. १९५६ मध्ये जपानची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली तेव्हा तिच्यासोबत ताकेशी नावाचा तीनरंगी बोका होता. अशा बोक्यांत बहुतेकदा एक एक्स जास्तीचा असतो, म्हणजे एक्स एक्स वाय. दोन एक्स आले की एक बंद होणार, म्हणून ठिगळं, आणि वाय आहे म्हणून बोका. असा बोका जवळपास नेहमी वांझ निघतो. पण क्वचित एखाद्या टॉर्टी बोक्याला पिल्लं होतात, तेव्हा शक्यता अशी की पोटात असताना दोन वेगळे भ्रूण चिकटून एकच बोका झाला, एका भ्रूणाच्या पेशी काळ्या, दुसऱ्याच्या नारिंगी. नुसतं बघून दोघांत फरक कळत नाही, क्रोमोझोम मोजावे लागतात. साधं मांजर असेल तर ३८, एक्स एक्स वाय असेल तर ३९.

[पडद्यावर: एक्स क्रोमोझोमचं चित्र, एक छोटा तुकडा गाळलेला]

नारिंगी एक्सवर आहे हे शंभरेक वर्षांपासून माहीत होतं, पण नेमका कुठला जीन ते मे २०२५ पर्यंत छापून आलं नव्हतं. जपानच्या क्यूशू युनिव्हर्सिटीतला हिरोयुकी सासाकींचा गट आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा गट, दोघंही वेगवेगळे शोधत होते आणि एकाच जागी पोचले. नारिंगी मांजरांच्या एक्सवर साधारण पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला आहे. तो कुठल्या प्रोटीनची माहिती देणारा तुकडा नाही, पण तो गेल्यामुळे एआरएचगॅप३६ नावाचा जीन रंगाच्या पेशीत नको तिथे जोरात चालू होतो, आणि काळं रंगद्रव्य बनवायचा जो निरोप पेशीत जायला पाहिजे तो मध्येच अडतो. काळं बनत नाही, मग उरतं नारिंगी. लाल केसांची माणसं किंवा पिवळा गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा, त्यांच्यात बिघाड ह्याच साखळीत पण आधीच्या पायरीवर, एमसी१आर नावाच्या जीनमध्ये असतो, आणि तो एक्सवर नाही, म्हणून तिथे नर-मादीचा असा फरक दिसत नाही.

हा एआरएचगॅप३६ मेंदूत आणि हार्मोनच्या ग्रंथींतही काम करतो, हे वाचल्यावर नेटवर लगेच सुरू झालं की बघा, नारिंगी बोके येडचाप असतात ते ह्याच्यामुळेच. स्टॅनफर्डवाल्यांनी त्वचेशिवाय आणखी काही अवयव तपासले, तिथे नारिंगी आणि बाकीच्या मांजरांत फरक मिळाला नाही. सगळे अवयव तपासलेले नाहीत, त्यामुळे शक्यता अगदी शून्य म्हणता येत नाही. पण आत्ता हाताशी असलेलं सोपं कारण असं की नारिंगी मांजरांत बोके जास्त असतात, आणि ज्याला आपण नारिंगीचा स्वभाव म्हणतो तो बऱ्याच अंशी बोक्याचा स्वभाव असू शकतो.