साठ वर्षं आणि तीन उन्हं

(फोटो १ : रंकाळा)
ही दोन वेण्यांची आई. मागं रंकाळ्यातला संध्यामठ. फोटोवाल्यानं "हस की गं" म्हटलं असणार, म्हणूनच ती हसलेली नाही. स्वभाव आजही तोच.

(फोटो २ : लग्न)
शालू हिरवा होता असं आई म्हणते, मावशी म्हणते मोरपंखी. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून वाद मिटत नाही. पुढं जाऊ.

(फोटो ३ ते ८ : गच्ची)
हे सगळे चटणीचे. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं कांदा-लसूण तिखट.

आई, तुझं माप मला पाठ आहे. दोन किलो ब्याडगी रंगाला, एक किलो संकेश्वरी झणक्याला. जुन्या साडीवर पसरून तीन उन्हं द्यायची. मिरची वाळली का, हे तू बघून कधी ठरवलं नाहीस. मूठभर कानाशी धरून हलवायचीस. आत बी खुळखुळलं की मगच देठ खुडायला आम्हाला हाक.

ही कढई. उभा चिरून वाळवलेला कांदा तेलात तांबूस होतोय. झारा तू कुणाच्या हातात दिला नाहीस. एका वर्षी वळवाच्या भीतीनं घाई झाली, कांद्यात ओल राहिली आणि श्रावणात बरणीत पांढरी बुरशी. अख्खी बरणी गेली. तेव्हापासून कांदा बोटांत चुरून कुरकुरीत लागल्याशिवाय डंकावर जात नाही.

हा डंकावरचा. पदर नाकाला, भुवयासुद्धा लाल. मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला आधी कांडायचं, कांदा-लसूण शेवटी. घरी आणलेली चटणी रात्रभर परातीत पसरलेली. गरम भरली तर बरणीला आतून घाम सुटतो, हे तुझंच वाक्य. सकाळी मुठीत दाबून बघायचीस. गोळा झाला, तळव्याला तेल लागलं, की बरणीत. वर हिंगाचे खडे.

(फोटो ८ थांबवून)
उजव्या कोपऱ्यात मिरच्यांवर सावली दिसते? ते बाबा. घरातले फोटो तेच काढायचे, म्हणून असेच सापडतात. ते गेले त्या वर्षीही चटणी झाली. दीड किलोची.

(फोटो ९ : नात)
हा यंदाचा. चिमुरडी मिरची कानाशी धरून डोळे मिटून ऐकतेय. तिला कुणी शिकवलं नाही.

(आवाज, फोटोशिवाय)
आई, हाक मारली की तू "आलो, आलो" म्हणतेस. पुण्याची सून लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हसते, सासूबाई "आलो" म्हणतात म्हणून. आता दे तशीच ओ. पाट मांडलाय, ताटात साठ दिवे लावलेत, पंखा बंद केलाय. गॅसवरचं सून बघेल.

ये, बस.