उजळणीचे वार आणि पंचवीस मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार. आजचे भाषण दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, आणि त्याचा विषय अगदी मर्यादित आहे. पाठ करायची सूत्रे, सनावळ्या आणि व्याख्या यांची उजळणी किती दिवसांच्या अंतराने करावी, आणि ती अंतरे रोजच्या ठरलेल्या वेळापत्रकात कशी बसवावीत, एवढाच प्रश्न आपण पाहणार आहोत.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून आपल्या स्वतःच्याच विस्मरणाचे मोजमाप केले आणि ते 1885 साली प्रसिद्ध केले. त्याला असे आढळले की विस्मरणाचा वेग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत जास्त असतो, आणि पुढे तो मंदावत जातो. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी व्हायला हवी, आणि प्रत्येक यशस्वी उजळणीनंतर पुढचे अंतर वाढवत नेता येते. झेबास्टियान लाइटनर या विज्ञानलेखकाने 1972 साली याच तत्त्वावर, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेल्या कार्डांच्या खोक्याची पद्धत मांडली, आणि आजची संगणकीय साधनेही याच मार्गाने जातात. आपण मात्र कागदी कार्डे आणि बुटांचा रिकामा खोका यांवरच काम भागवू.

मी सुचवतो ती अंतरे 1, 3, 7, 14 आणि 28 दिवसांची आहेत. याहून वेगळी अंतरेही चालतात. पण या पाच आकड्यांपैकी शेवटचे तीन साताच्या पटीत आहेत, आणि शाळेचे वेळापत्रक वारांवर चालत असल्यामुळे ही गोष्ट फार उपयोगाची ठरते. समजा, सोमवार, 6 जुलै रोजी एक कार्ड तयार केले. त्याची पहिली उजळणी मंगळवारी 7 तारखेला, दुसरी शुक्रवारी 10 तारखेला, आणि मग 17 जुलै, 31 जुलै व 28 ऑगस्ट या दिवशी येते. हे तिन्ही दिवस शुक्रवारच आहेत. म्हणजे कार्ड तयार केल्याच्या दुसऱ्या दिवशीची उजळणी सोडली, तर ते न चुकल्यास कायम एकाच वारी समोर येते, आणि तो वार तयार केल्याच्या वारापासून चार दिवस पुढचा असतो.

आता रोज सकाळी सहा ते सहा पंचवीस हा वेळ उजळणीला देणारी, पण रविवारी सकाळी शिकवणीच्या चाचणीला जाणारी एक विद्यार्थिनी कल्पनेत घेऊ. रविवारी तिच्याकडे कार्डे यायलाच नकोत, तर तिने नवी कार्डे कोणत्या वारी करू नयेत? शनिवारचे कार्ड दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी येते, आणि बुधवारचे कार्ड चार दिवसांनी रविवारीच येते. म्हणून तिने नवी कार्डे फक्त सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार या चारच दिवशी करावीत. खोक्यात 1 ते 31 तारखांचे पुठ्ठ्याचे खण करून प्रत्येक कार्ड पुढच्या उजळणीच्या तारखेच्या खणात ठेवले, म्हणजे रोज सकाळी फक्त त्या दिवसाचा खण उघडायचा असतो. कोणतेही अंतर 28 दिवसांपेक्षा मोठे नसल्यामुळे 31 खण पुरतात.

कार्डांची संख्या ठरवताना बहुतेकांचा हिशेब चुकतो. पाच उजळण्या म्हणजे प्रत्येक कार्ड पाचदा पाहायचे, असे वाटते. परंतु चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या पायरीवर जाते. प्रत्येक पायरीवर शंभरांपैकी पंधरा कार्डे चुकतात असे धरले, तर एका कार्डाला पाचही पायऱ्या सलग पार करायला सरासरी आठाहून थोड्या अधिक उजळण्या लागतात. चार दिवस प्रत्येकी सहा, म्हणजे आठवड्याला 24 नवी कार्डे केली, तर दोनेक महिन्यांनी ओघ स्थिर झाल्यावर आठवड्याला सुमारे 200 उजळण्या होतात. अर्ध्या मिनिटाला एक या हिशेबाने त्यांना 100 मिनिटे लागतात, आणि सहा बैठकींत आपल्याकडे 150 मिनिटे आहेत. उरलेली 50 मिनिटे वाया गेलेली नाहीत, कारण मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार हे या मांडणीत सर्वांत भरलेले दिवस असतात, तर गुरुवारी जवळजवळ केवळ चुकलेलीच कार्डे येतात. पहिले काही आठवडे खोका रिकामा वाटतो म्हणून रोज बारा कार्डे टाकण्याचा मोह होतो. त्याची किंमत ऑगस्टअखेरीस दुपटीने मोजावी लागते.

चुकलेल्या कार्डाचा वार बदलतो आणि ते कधीतरी रविवारच्या खणात जाऊ पाहते. ते सरळ सोमवारच्या खणात ठेवावे. एका दिवसाने फारसे बिघडत नाही.

आता कार्ड कसे असावे ते पाहू. भूमितीतील शंकूछेदाचे एकच कार्ड करून त्यावर घनफळ, वक्रपृष्ठफळ आणि तिरकस उंची अशी तिन्ही सूत्रे लिहिली, तर दोन आठवली आणि एक विसरले, तेव्हा कार्ड बरोबर धरायचे की चूक, हे ठरवता येत नाही. म्हणून तीन कार्डे करावीत. घनफळाच्या कार्डावर पुढे फक्त एवढेच असावे की दोन त्रिज्या आणि उंची दिली आहे, घनफळ लिहा. विद्यार्थ्याने मागची बाजू पाहण्यापूर्वी उत्तर कच्च्या वहीत प्रत्यक्ष लिहिले पाहिजे. एकतृतीयांश, पाय, उंची, आणि कंसात दोन्ही त्रिज्यांचे वर्ग अधिक त्यांचा गुणाकार. यातला शेवटचा गुणाकार डोळ्यांनी वाचताना नेहमी ओळखीचा वाटतो आणि लिहिताना नेमका गळतो.

एकच कार्ड चार वेळा चुकले, तर दोष स्मरणशक्तीत नसून कार्डात आहे असे मानावे. बहुधा ते दुसऱ्या एखाद्या कार्डात मिसळत असते. गोलीय आरशाच्या सूत्रात दोन व्यस्तांची बेरीज आहे, भिंगाच्या सूत्रात वजाबाकी आहे. दोन्ही कार्डे स्वतंत्रपणे कितीही वेळा पाहिली तरी चिन्हांचा घोळ राहतो. अशा वेळी दोन्ही सूत्रे शेजारी लिहायला लावणारे तिसरे कार्ड करावे.

अंतरे योग्य आहेत की नाहीत, हे चुकांच्या नोंदीवरून कळते. कार्डाच्या कोपऱ्यात पायरी आणि बरोबर की चूक, एवढे टिपावे. 28 दिवसांच्या पायरीवर पाचापैकी एकाहून अधिक कार्डे चुकत असतील तर ते अंतर 21 दिवसांवर आणावे, म्हणजे वारही बदलत नाही. उलट विसांत एकही चुकत नसेल, तर उजळणी गरजेपेक्षा लवकर होत आहे.

दिवाळीत गावी गेल्यामुळे आठ दिवस खोका उघडलाच नाही, तर परतल्यावर नवी कार्डे थांबवावीत आणि साचलेल्यांपैकी आधी 1 व 3 दिवसांच्या पायरीवरची घ्यावीत. तीन दिवसांचे कार्ड आठ दिवस रखडले तर ते पुसले जाण्याची शक्यता मोठी असते. 28 दिवसांचे कार्ड तेवढाच उशीर सहज सोसते.

पाचही पायऱ्यांना मिळून 53 दिवस लागतात. परीक्षा 1 मार्चला आहे असे धरल्यास पूर्ण चक्र मिळणारे शेवटचे कार्ड 7 जानेवारीपूर्वी व्हायला हवे. त्यानंतरच्या कार्डांना 28 दिवसांची पायरी मिळणार नाही. पहिल्या चार पायऱ्यांचे 25 दिवसच पुरतील, आणि तीही मुदत 4 फेब्रुवारीच्या आतबाहेर संपते. फेब्रुवारीत खोक्याला पंचवीसपेक्षा अधिक मिनिटे देऊ नयेत, कारण सूत्र आठवणे आणि कोणत्या उदाहरणात कोणते सूत्र लावायचे हे ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम कार्डांनी होत नाही. त्यासाठी प्रश्नपत्रिका घड्याळ लावूनच सोडवाव्या लागतात.