हातातले चेक, बाकी असलेली बिले

(दृश्य: अंबड औद्योगिक वसाहतीतला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. कार्यालयातले लोखंडी कपाट उघडते. आत तारखांच्या चिठ्ठ्या लावलेली फाईल.)

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची काढणी जानेवारीपासून जोर धरते आणि खोक्यांची मागणीही त्याच सुमारास वाढते. पिंपळगाव, दिंडोरी या भागांतल्या पॅकहाऊसना माल रोजच्या रोज लागतो, परंतु त्यांचे स्वतःचे पैसे द्राक्षे बाजारात जाऊन विकली गेल्यानंतरच हाती येतात. त्यामुळे खोकी देणाऱ्या कारखानदाराला पुष्कळदा रोख रक्कम मिळत नाही, पुढील तारखांचे चेक मिळतात. हे चेक कोणत्या बिलांपोटी आले, ते कधी वटतील आणि वटेपर्यंत त्यांचे काय करायचे, हा या चित्रफितीचा विषय आहे. त्यासाठी आपण 2025च्या हंगामातला एक व्यवहार तारखेनुसार पाहणार आहोत. कारखाना आणि पॅकहाऊस यांची नावे आम्ही सांगत नाही आणि रकमा समजायला सोप्या जाव्यात म्हणून पूर्णांकांत घेतल्या आहेत.

जानेवारी आणि फेब्रुवारीत कारखान्याने एका पॅकहाऊसला चार बिले केली. बिल क्रमांक 214 हे 5 जानेवारीचे, 1,80,000 रुपयांचे होते. 231 हे 19 जानेवारीचे, 2,40,000 रुपयांचे. 246 हे 4 फेब्रुवारीचे, 2,10,000 रुपयांचे, आणि 259 हे 20 फेब्रुवारीचे, 1,70,000 रुपयांचे. एकूण येणे आठ लाख रुपये झाले. पॅकहाऊसच्या मालकांनी त्यापोटी दोन-दोन लाखांचे चार चेक दिले आणि त्यांवर 15 मार्च, 31 मार्च, 15 एप्रिल आणि 30 एप्रिल अशा तारखा घातल्या.

बेरीज जुळली, पण एकही चेक एकाही बिलाशी जुळत नाही, आणि पुढच्या बहुतेक गोंधळांचे मूळ इथेच असते. चेक देणारा आपल्या सोयीने गोल आकडा लिहितो आणि घेणाराही "आठ लाखांचे आठ लाख आले" म्हणून समाधान मानतो. या कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी मात्र चेक कपाटात ठेवण्यापूर्वीच प्रत्येकाची विभागणी नोंदवहीत लिहून घेतली.

(दृश्य: नोंदवहीचे पान. निळ्या शाईतल्या चार ओळी.)

पहिल्या चेकमधून 214 पूर्ण फिटते आणि 20,000 रुपये 231 कडे जातात. दुसरा चेक संपूर्ण 231 कडे जातो, तरी त्या बिलाचे 20,000 रुपये उरतातच. ते तिसऱ्या चेकमधून फिटतात आणि त्या चेकचे उरलेले 1,80,000 रुपये 246 कडे जातात. चौथ्या चेकमधले 30,000 रुपये 246 ची बाकी फेडतात आणि 1,70,000 रुपयांत 259 पूर्ण होते. ही विभागणी त्यांनी पॅकहाऊसला पत्राने कळवली आणि पत्राच्या प्रतीवर पोच घेतली. कोणते पैसे कोणत्या बिलाचे, हे दोन्ही बाजूंनी लेखी झाल्यावर तेच कागद पुढे कामाला येतात.

विभागणी झाली की आणखी एक गोष्ट उघड होते. ठरलेली उधारी 45 दिवसांची होती, परंतु 5 जानेवारीच्या बिलाचे पैसे 15 मार्चला, म्हणजे 69 दिवसांनी येणार होते आणि 19 जानेवारीच्या बिलाचा शेवटचा हप्ता 86 दिवसांनी. चेक हातात आला म्हणून ही वाढलेली उधारी नजरेआड होते. विक्रेता नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असला तरी 45 दिवसांपेक्षा अधिक मुदत कायद्याला मान्य नाही. म्हणूनच नोंदवहीत चेकच्या तारखेशेजारी बिलाची मूळ देय तारीखही ठेवावी, असे आम्हाला आग्रहाने वाटते.

चेक घेताना त्यावरची तारीख डोळ्यांजवळ धरून वाचावी. आठ चौकोनांतले शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात आणि जानेवारीत सवयीने जुने वर्ष लिहिले जाते. मार्च 2025 ऐवजी मार्च 2024 लिहिले गेले, तर तो चेक हातात पडतानाच मुदतबाह्य असतो, कारण चेक त्यावरील तारखेपासून तीन महिनेच चालतो. 1 एप्रिल 2012 पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती आणि काही जुन्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात अजून तीच बसलेली दिसते. चूक आढळली, तर खाडाखोड करून घेण्यापेक्षा नवा चेक मागणे केव्हाही बरे.

आता हिशेबाच्या पुस्तकाकडे वळू. पुढील तारखेचा चेक हा त्या तारखेपर्यंत बँकेत भरण्याजोगा चेक नसतो. त्याआधी तो भरला, तर बँक तो परत करते. तरीही कित्येक ठिकाणी चेक मिळाल्याच दिवशी जमेची नोंद होते. तसे झाले की ग्राहकाच्या खात्यावर शून्य बाकी दिसते, विक्री पाहणारा माणूस ते शून्य पाहून आणखी माल पाठवतो आणि प्रत्यक्षात आठ लाखांवर नवी उधारी चढते. टॅलीमध्ये पावतीची नोंद करताना `Ctrl+T` दाबून ती पुढील तारखेची म्हणून ठेवता येते, आणि ती तारीख येईपर्यंत ती रक्कम बँकेच्या शिलकीत धरली जात नाही. नोंदवही वापरा किंवा संगणक, ग्राहकाची बाकी आठ लाखच दिसली पाहिजे. हातात किती रुपयांचे चेक आहेत हा शेजारचा, वेगळा आकडा आहे.

(दृश्य: फाईलमधून पहिला चेक बाहेर येतो.)

15 मार्चला शनिवार होता, पण महिन्यातला तिसरा, त्यामुळे बँक उघडी होती. चेक भरला गेला आणि सोमवारी वटला. दुसऱ्या चेकला मात्र तारखेनेच अडवले. 31 मार्चला ईदची सुट्टी आली आणि 1 एप्रिल हा बँकांचा वार्षिक हिशेबबंदीचा दिवस होता, म्हणून चेक 2 एप्रिलला भरावा लागला. नोंदवहीत "चेकची तारीख" आणि "भरण्याची तारीख" असे दोन रकाने असतात ते यासाठीच. त्या पैशांवर कागदवाल्याला 1 एप्रिलचा वायदा केला असता, तर तो मोडलाच असता.

3 एप्रिलला तो चेक परत आला. बँकेच्या चिठ्ठीवर कारण होते, खात्यात पुरेशी रक्कम नाही. ताईंनी पॅकहाऊसला फोन केला तेव्हा मालक म्हणाले, "दिल्लीकडचं पेमेंट अडकलंय ताई, आठ दिवसांनी परत टाका." अशी विनंती व्यापारात नेहमीचीच आहे आणि ती मान्य करण्यात गैर काही नाही. चेकच्या मुदतीत तो पुन्हा भरता येतो. पण त्यांनी फोन ठेवल्याबरोबर नोंदवहीत तीन गोष्टी लिहिल्या. चेकपुढची "बँकेत" ही स्थिती खोडून "परत" अशी केली. बिल 231 ची त्यातून फिटायची रक्कम पुन्हा बाकीत घेतली. आणि लाल शाईने 3 मे ही तारीख लिहिली.

चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे देण्यासाठी 15 दिवस मिळतात आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 आणि 142 मधला हा क्रम आहे. "आठ दिवसांनी टाका" हे तीन-चार वेळा ऐकण्यात चेकचे तीन महिने निघून गेले, तर तो पुन्हा भरता येत नाही, आणि शेवटच्या परतीपासूनचे 30 दिवसही हुकले, तर त्या चेकवर कलम 138 खालची तक्रार करता येत नाही. येणे तसेच राहते, पण वसुलीसाठी दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. या प्रकरणात तशी वेळ आली नाही. 9 एप्रिलला चेक पुन्हा भरला, 10 तारखेला महावीर जयंतीची सुट्टी होती आणि 11 एप्रिलला तो वटला.

खरी कसोटी तिसऱ्या चेकची होती. 12 एप्रिलला, दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना पॅकहाऊसकडून एनईएफटीने 75,000 रुपये खात्यात आले. मागोमाग मालकांचा निरोप आला की हे पैसे तिसऱ्या चेकपैकी समजावेत आणि तूर्त तो चेक भरू नये.

इथे बहुतेक लोक चूक करतात. 75,000 जमा करून घेतात आणि दोन लाखांचा चेक तसाच कपाटात ठेवतात, पुढे कधीतरी भरू म्हणून. चेक दिल्यानंतर त्यापोटी काही रक्कम मिळाली असेल आणि तशी नोंद चेकवर केलेली नसेल, तर पूर्ण रकमेचा तो चेक परत आल्यावर कलम 138 खालचा गुन्हा होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2022चा निर्णय आहे. चेक भरण्याच्या दिवशी त्यावरची रक्कम प्रत्यक्ष येणे बाकीपेक्षा जास्त असते, हे त्यामागचे कारण आहे. तसेच, देणेकऱ्याने पैसे कशापोटी दिले हे सांगितले असेल, तर घेणाऱ्याला ते मनाने दुसऱ्या बिलाकडे वळवता येत नाहीत. करार कायद्याचे कलम 59 हेच सांगते.

(दृश्य: ताई पॅकहाऊसच्या ओट्यावर. मागे खोक्यांत भरली जाणारी द्राक्षे.)

त्या 15 एप्रिलच्या आत स्वतः पॅकहाऊसला गेल्या. जुना चेक परत दिला, तो परत मिळाल्याची सही घेतली आणि 22 एप्रिलचा 1,25,000 रुपयांचा नवा चेक घेतला. विभागणीही नव्याने लिहिली. आलेल्या 75,000 पैकी 20,000 रुपयांत 231 मिटले आणि 55,000 रुपये 246 कडे गेले. नवा चेक संपूर्ण 246 कडे जातो आणि त्या बिलाचे 30,000 पूर्वीसारखेच चौथ्या चेकवर राहतात. ओलसर खोक्यांपोटी क्रेडिट नोट द्यावी लागली असती, तरी त्यांना असेच करावे लागले असते, कारण तेव्हाही चेकची रक्कम येण्यापेक्षा जास्त ठरली असती.

4 ऑक्टोबर 2025 पासून चेक वटण्याची पद्धत बदलली. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात भरलेले चेक लगेच पुढे जातात आणि निकालही त्याच दिवशी लागतो. त्यामुळे परत आलेल्या चेकची माहितीही लवकर मिळते आणि 30 दिवसांची मोजणी लवकर सुरू होते. नोंदवही आठवड्यातून एकदा शनिवारी उघडायची सवय असेल, तर ती आता रोज सकाळी उघडावी लागेल.

22 एप्रिलचा चेक वटला. चौथा 30 एप्रिलला भरला गेला, 1 मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती आणि 2 मेला पैसे खात्यात आले. ताईंनी त्या ओळीपुढे "वटला" असे लिहिले, 246 आणि 259 या दोन्ही बिलांवर बरोबरची खूण केली आणि फाईलमधला एप्रिलचा कप्पा रिकामा आहे, हे एकदा हात घालून पाहिले.