काहीच न सांगता मागितलेली गोष्ट

(नाशिकमधल्या एका वाचनालयात पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, बोलण्याचा बाज ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार. पुढच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे उभे आहेत त्यांनी या की पुढे. लहान मुलं आणली असतील तर ती हिंडली तरी चालतील, मला सवय आहे.

मी बालविभाग सांभाळते. मध्ये एकदा रात्री नऊ वीसला फोनवर निरोप आला, ‘मॅडम, झोपताना सांगायला एक गोष्ट पाठवा ना.’ बस. मूल केवढं, त्याला काय आवडतं, घरात मराठी बोलतात की आणखी काही, गोष्ट पाच मिनिटांची हवी की अर्ध्या तासाची, कशाचाच पत्ता नाही. पूर्वी असा निरोप आला की मी उलट चार प्रश्न पाठवायचे. उत्तरं सकाळी यायची. रात्री नऊ वीसला गोष्ट मागणाऱ्या माणसाच्या मांडीवर एक जण लोळत असतो आणि दुसरा गादीवर उड्या मारत असतो, ते फॉर्म भरत बसत नाहीत. म्हणून आता मी आधी गोष्ट पाठवते आणि खाली एकच ओळ लिहिते, ‘वय कळवलंत तर उद्या बदलून देते.’

वयच का विचारायचं? बाकीच्या तीन गोष्टींना वाट काढता येते, वयाला सहजासहजी येत नाही. भाषेचं बघा. निरोप मराठीत आला म्हणजे सांगणाऱ्याला मराठी येतं, तेवढं पुरे. वाक्यं आखूड ठेवली की सांगणारा ती आपल्या घरच्या बोलीत आपोआप वळवतो. आपल्याकडे सटाणा-कळवणची मंडळी कितीतरी आहेत, घरी अहिराणी चालते. त्यांच्यापुढे ‘मार्गक्रमण करू लागली’ असलं वाक्य ठेवलं तर त्या आजीनं करायचं काय? आवडीचंही तसंच. प्राणी, खाऊ आणि घर, या तिघांना नाही म्हणणारं मूल मला अजून भेटायचंय. डायनासोरवेडी मुलं असतात, मान्य. पण डायनासोर झोपायच्या वेळी नकोच, ते गादीवर उतरतात.

वयाचा मामला मात्र खोल आहे. इथे मला भोपळ्यातली म्हातारी आठवते. तुम्हाला पाठ असेल. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, ती म्हणते लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाड होऊन येते, मग खा. परत येताना ती भोपळ्यात बसते आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’. ही गोष्ट मी तीन वर्षांच्या मुलांना सांगते तेव्हा ती टुणुक टुणुकला खिदळतात. सहा वर्षांची मुलं दुसऱ्याच जागी हसतात. वाघ भोपळ्यालाच विचारतो, म्हातारी पाहिलीस का? आणि आतूनच उत्तर येतं, कसली म्हातारी! तिथे मोठ्यांना गुदगुल्या होतात, धाकटी नुसती बघत बसतात.

याचं कारण सापडलेलं आहे. 1983 साली हाइन्त्स विमर आणि योसेफ पेर्नर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. माक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं म्हणाली, दुसऱ्या कपाटात. चॉकलेट तिथे आहे, म्हणजे तो तिथेच बघणार! मला माहीत आहे ते माक्सीला माहीत नसेल, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. चार ते सहा या काळात ही समज हळूहळू पक्की होते. आता भोपळ्याकडे बघा. म्हातारी आत आहे हे मला ठाऊक, वाघाला ठाऊक नाही. ही मजा तीन वर्षांच्या मुलाला जवळजवळ बंदच असते. पण त्याला टुणुक टुणुक आहे ना! ज्यांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांनी कुठला प्रयोग केला नव्हता, तरी एकाच गोष्टीत दोन वयांची सोय करून ठेवली.

वय माहीत नसेल तेव्हा मी हेच उचलते. गोष्टीत एक पालुपद हवं, धाकट्यासाठी. आणि एक गुपित हवं, जे ऐकणाऱ्याला ठाऊक आणि गोष्टीतल्याला नाही, ते मोठ्यासाठी. भोपळ्याची गोष्ट तीच्या तीच मात्र मी रात्री देत नाही. ती चढत जाते, शेवटाला वाघ समोर उभा राहतो आणि मूल उठून बसतं. ती दुपारी चारची गोष्ट आहे. रात्रीची गोष्ट उतरत जायला हवी, प्रत्येक टप्प्याला आधीपेक्षा थोडी हळू.

त्या रात्री मी जी पाठवली ती सांगते. आवाज लावून नाही सांगत, नाहीतर तुम्हीच झोपाल.

एका द्राक्षाच्या मळ्यात, बांधावरच्या आंब्यावर, खारीचं एक पिल्लू राहायचं. एका रात्री त्याला झोपच येईना. झोप गेली होती कुठे? झोप गुपचूप त्याच्या शेपटीत जाऊन बसली होती. आईनं ते पाहिलं. पिल्लाला काही माहीत नव्हतं. पिल्लू म्हणालं, ‘मी झोप शोधून आणतो.’ आई म्हणाली, ‘चल, मी मागून येते.’

पिल्लू गेलं विहिरीपाशी. काठावर बेडूक बसला होता. ‘बेडूकदादा, झोप पाहिली का माझी झोप?’ बेडूक म्हणाला, ‘होती होती, आत्ताच गेली.’ आणि बेडकाला आली जांभई. पिल्लालाही आली, एवढीशी.

पिल्लू गेलं गोठ्यात. गाय बसून रवंथ करत होती. ‘गाईमावशी, झोप पाहिली का माझी झोप?’ गाय म्हणाली, ‘होती होती, आत्ताच गेली.’ आणि गाईला आली जांभई. पिल्लालाही आली, थोडी मोठी.

पिल्लू गेलं मांडवाखाली. तिथे राखणीचं कुत्रं पायावर डोकं ठेवून पडलं होतं. ‘मोत्याभाऊ, झोप पाहिली का माझी झोप?’ कुत्र्यानं डोळासुद्धा उघडला नाही. ‘होती… होती…’ म्हणता म्हणता ते झोपूनच गेलं. पिल्लाला आली जांभई, ही भली मोठी.

पिल्लू दमलं. आईनं त्याला घरट्यात नेलं, त्याची शेपटी त्याच्याच अंगावर पांघरली. शेपटीतून झोप हळूच बाहेर आली आणि पिल्लाच्या डोळ्यांत जाऊन बसली.

संपली.

आता यातली लांबी कशी सांभाळली ते बघा. शेवटचा तुकडा मी असा ठेवला की तो कुठल्याही टप्प्यानंतर चिकटतो. मूल बेडकापाशीच पेंगलं तर तिथून थेट ‘पिल्लू दमलं’ वर यायचं, काही तुटत नाही. नाहीच पेंगलं तर मध्ये कोंबडी घाला, बैल घाला, ओसरीवरचे आजोबा घाला. जी आहे ती मी घड्याळ लावून निवांत सुरात सांगून पाहिली, साधारण तीन मिनिटं लागतात. एक टप्पा वाढला की अर्धा मिनिट धरा. दोन मिनिटांची गोष्ट आणि दहा मिनिटांची गोष्ट असे दोन कागद करावे लागत नाहीत.

मराठीची एक मेहरबानी इथे कामाला येते. ‘पिल्लू’ नपुंसकलिंगी आहे. ते गेलं, ते आलं. घरात मुलगा आहे की मुलगी हे न विचारताही दोघांनाही ते आपलंच वाटतं. फक्त ‘मी शोधून आणतो’ एवढ्या एका जागी अडतं, तिथे सांगणाऱ्यानं ‘आणते’ म्हणावं.

जांभईचं काय, तर ती खरोखर द्यायची. जांभई एकमेकांची लागते हे आपण जाणतोच, पण साधारण चार वर्षांच्या आतल्या मुलांना दुसऱ्याची जांभई फारशी लागत नाही. म्हणजे तीन वर्षांच्या मुलासमोर तुम्ही तीनदा आ वासलात तर झोप तुम्हालाच येईल. धाकट्याला पालुपदाच्या ठेक्यावर पाठीवर थोपटा, त्याचं काम तिथे होतं.

चुकतं कुठे, तेही सांगते, कारण मी चुकलेय. पहिल्या खेपेला या गोष्टीत घुबड होतं. मला वाटलं रात्र आहे, घुबड हवंच. ज्या ज्या घरी पाठवली तिथल्या मोठ्यांनी हौसेनं घूऽऽ करून दाखवलं आणि मुलं म्हणाली परत करा, परत करा. तीन घरांत झोपेचं खोबरं झालं. घुबड काढलं. दुसरी चूक आईची. आधी पिल्लू एकटंच जायचं. एका चार वर्षांच्या मुलीनं मध्येच विचारलं, ‘त्याची आई कुठंय?’ आणि गोष्ट सोडून स्वतःच्या आईचा पदर घट्ट धरला. तेव्हापासून आई मागून चालते. तिच्या तोंडी पुढे एक शब्द नाही, पण ती असते. गंमत अशी की ती आली आणि गुपित जास्त रंगलं, कारण आता आई आणि ऐकणारं मूल अशा दोघांनाच ते माहीत झालं. तिसरी खूण ओळखायला सोपी आहे. मूल ‘मग?’ म्हणतं तेव्हा सूर ऐका. पडल्या पडल्या आलेला ‘मग’ चालेल. उशीवरून मान उचलून आलेला ‘मग?’ म्हणजे गोष्ट चढायला लागली, पुढचा टप्पा गाळा. आणि शेवटी ‘तर मुलांनो, झोप कुठे होती?’ असं विचारू नका. प्रश्न विचारला की मूल जागं होतं. शाळेची सवय, दुसरं काय.

ही गोष्ट कुठे चालणार नाही? नऊ-दहाच्या पुढे. त्या वयाला पालुपद बाळबोध वाटतं आणि गुपित पहिल्याच ओळीत फुटलेलं असतं. त्यांना रोज थोडं थोडं वाचायचं लांबलचक पुस्तक द्या. म्हणून तर ती वयाची एक ओळ मी खाली लिहिते.

त्या बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. घरात दोन मुलं, एक तीनचा, एक सातची. बाईंनी अर्धी गोष्ट अहिराणीत सांगितली, बेडकाच्या जागी सरडा घातला कारण त्यांच्या बाल्कनीत सरडा येतो. धाकटा गाईपाशी झोपला. मोठी मात्र सगळं ऐकत होती, आणि पिल्लू कुत्र्याकडे निघालं तेव्हा आईच्या कानात म्हणाली, ‘त्याला सांगू नको हं, शेपटीत आहे ते.’

प्रश्न असतील तर विचारा. चहा मागच्या टेबलावर आहे.