उत्तर चुकलं तर दंड किती? वर्गीकरणातला उणे लॉग

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, ऊसपट्ट्यात बसून वर्गीकरण शिकताना नेहमीचं मांजर-कुत्र्याचं उदाहरण कशाला घ्यायचं? आपण उसाचं पान घेऊ. समजा, पानाचा फोटो पाहून मॉडेलनं तीनपैकी एक सांगायचंय: पान निरोगी आहे, तांबेरा आहे, की तपकिरी ठिपके आहेत. मॉडेल नुसतं नाव सांगत नाही, तीन संख्या देतं. निरोगी ०.१, तांबेरा ०.७, ठिपके ०.२. बेरीज एक. पान प्रत्यक्षात तांबेऱ्याचं निघालं तर खऱ्या उत्तराला मॉडेलनं ०.७ दिले होते. या ०.७ ला आपण p म्हणू. आता प्रश्न असा, की मॉडेलला यासाठी किती दंड लावायचा? शिकणं म्हणजे हा दंड कमी करत जाणं, त्यामुळे दंडाचा नियम जसा असेल तसंच मॉडेल घडतं.

कुणालाही आधी सुचेल तो नियम म्हणजे १ − p. पूर्ण खात्रीनं बरोबर असेल तर दंड शून्य, पूर्ण खात्रीनं चूक असेल तर एक. दिसायला छान आहे. पण वापरतात तो नियम वेगळा: `-ln(p)`. p = ०.९ असेल तर दंड ०.१०५, ०.५ ला ०.६९३, ०.१ ला २.३०३, ०.०१ ला ४.६०५ आणि ०.००१ ला ६.९०८. शून्य ते एक या पट्ट्यात लॉग ऋण असतो, म्हणून पुढे उणे लावून तो धन केला, बाकी त्या उण्यात काही गूढ नाही. लॉगचा पाया कोणताही घ्या. दोनचा घेतला तर दंड बिट्समध्ये मोजला जातो, एवढाच फरक.

लॉग आला कुठून, ते दोन मॉडेलांची तुलना करून बघू. दोघांना तेच चार फोटो दिले. पहिल्यानं खऱ्या उत्तरांना ०.९, ०.८, ०.७, ०.६ दिले. दुसऱ्यानं ०.९९, ०.९९, ०.९९ आणि शेवटच्या फोटोला ०.०२. सरासरी काढली तर पहिल्याची ०.७५ आणि दुसऱ्याची ०.७४७५, म्हणजे जवळजवळ बरोबरी. १ − p चा दंड लावणाऱ्याला या दोघांत फारसा फरक दिसणारच नाही. पण प्रश्न असा विचारा: या मॉडेलच्या मतानं ही चारही उत्तरं एकत्र येण्याची शक्यता किती होती? फोटो एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर संख्यांचा गुणाकार करायचा. पहिल्याचा ०.३०२, दुसऱ्याचा ०.०१९. पंधरा पटींहून जास्त फरक. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२२ च्या लेखात मांडलेली महत्तम संभाव्यतेची कल्पना हीच. जे घडलं ते ज्या मॉडेलला जास्तीत जास्त शक्य वाटत होतं, ते मॉडेल निवडायचं.

गुणाकाराची अडचण ही, की तो विरून जातो. दोनशे फोटोंना प्रत्येकी ०.५ दिले तर गुणाकार दहाच्या उणे साठाव्या घाताच्या आसपास येतो, आणि ३२ बिटांच्या संख्येत तो सरळ शून्य होतो. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. तेच दोनशे फोटो मग दोनशे गुणिले ०.६९३, म्हणजे सुमारे १३८.६. बेरीज असल्यामुळे फोटोंचे छोटे गट करून, प्रत्येक गटाची सरासरी घेऊन शिकवताही येतं. आपल्या दोन मॉडेलांचा सरासरी दंड येतो ०.२९९ आणि ०.९८६, आणि दुसऱ्याचा जवळजवळ सगळा दंड त्या एका ०.०२ वाल्या फोटोतून येतो.

इथं समोरून एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, एका चुकीला एवढी शिक्षा कशासाठी? तीन फोटोंना तर त्यानं ०.९९ दिले होते." रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, म्हणून तिथं जरा रेंगाळू.

तांबेऱ्याच्या पुळ्या मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात, आणि बोट फिरवलं की तांबूस पूड लागते. तपकिरी ठिपक्यांना तशी पूड नसते. पण शेतकऱ्यानं फोटो वरच्या बाजूनं काढला तर? पूड दिसत नाही आणि दोन्ही डाग बऱ्यापैकी सारखे दिसतात. समजा, अगदी असेच दिसणारे फोटो घेतले तर शंभरात सत्तर वेळा तांबेरा निघतो आणि तीस वेळा ठिपके. फोटोत याहून जास्त माहितीच नाही. मग मॉडेलनं तांबेऱ्याला प्रामाणिकपणे ०.७ म्हणावं, अशी आपली अपेक्षा. दंडाचा नियम त्याला तसं म्हणू देतो का?

आधी १ − p लावून बघू. मॉडेल प्रत्येक वेळी तांबेऱ्याला p आणि ठिपक्यांना १ − p देतं असं धरा. सत्तर टक्के वेळा दंड १ − p, तीस टक्के वेळा p. p = ०.७ असताना सरासरी दंड ०.४२ येतो. p = ०.९९ केला तर ०.३०४. p = १ केला तर ०.३०. म्हणजे प्रामाणिक माणसापेक्षा छातीठोक बोलणाऱ्याला कमी दंड! हा नियम मॉडेलला शिकवतो की शंका असली तरी ती दाखवू नकोस. तांबेऱ्याचं औषध फवारायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरणार असेल, तर ही शिकवण महागात पडते.

आता उणे लॉग. p = ०.७ ला सरासरी दंड ०.७ गुणिले ०.३५७ अधिक ०.३ गुणिले १.२०४, म्हणजे ०.६११. p = ०.५ ला ०.६९३. p = ०.९ ला ०.७६५. p = ०.९९ ला तर १.३८९. सगळ्यात कमी दंड नेमका ०.७ वर. खात्री नसताना ०.९९ म्हटलं तर सत्तर वेळा वाचलेले चार पैसे तीस वेळा पडणारे ४.६०५ खाऊन टाकतात. म्हणजे ती जबर शिक्षा चुकीला नाही, चुकीच्या खात्रीला आहे.

असे प्रामाणिकपणा राखणारे नियम आणखीही आहेत. ब्रायर यांनी १९५० साली हवामानाच्या अंदाजांसाठी फरकाचा वर्ग घेणारा नियम मांडला, तोही इथं ०.७ वरच थांबतो. पण तीन किंवा जास्त वर्ग असतील आणि दंड फक्त खऱ्या वर्गाला दिलेल्या संख्येवरच ठरावा अशी अट घातली, तर थोड्या गणिती गृहीतकांखाली लॉगशिवाय दुसरा नियम उरत नाही.

मग ब्रायर यांचा फरकाचा वर्ग घेणारा नियम का नाही वापरत? कारण मॉडेल शिकतं ते उतारावरून. आत मॉडेल प्रत्येक वर्गाला एक कच्चा गुण देतं, आणि सॉफ्टमॅक्स त्या गुणांच्या संभाव्यता करतो. गुण थोडा हलवला तर दंड किती बदलतो, तो हा उतार. उणे लॉगसाठी खऱ्या वर्गाच्या गुणाचा उतार निघतो p − १. मॉडेलनं खऱ्या उत्तराला ०.०१ दिला असेल तर उतार −०.९९, म्हणजे जोरदार ढकल. (१ − p) चा वर्ग घेतला तर उतार −२ गुणिले p गुणिले (१ − p) चा वर्ग येतो, आणि त्याच ठिकाणी तो फक्त −०.०१९६ भरतो. पन्नास पट कमी. जिथं मॉडेल सगळ्यात जास्त चुकलंय तिथंच त्याला अगदी कमी धक्का बसतो! सॉफ्टमॅक्समधल्या घातांकाला लॉग खोडून टाकतो, म्हणून ही जोडी जमली.

आता लॅबमध्ये होणारा एक घोळ. पायटॉर्चमधलं `CrossEntropyLoss` कच्चे गुण मागतं आणि सॉफ्टमॅक्स व लॉग दोन्ही स्वतः करतं. पुष्कळजण मॉडेलच्या शेवटीही सॉफ्टमॅक्स लावून ठेवतात. खाली z म्हणजे कच्चे गुण आणि y म्हणजे खरी उत्तरं.

```python
loss_fn = nn.CrossEntropyLoss()
loss = loss_fn(torch.softmax(z, dim=1), y)  # चूक
loss = loss_fn(z, y)                        # बरोबर
```

एरर येत नाही, अचूकताही बरी दिसते, त्यामुळे संशय येत नाही. ओळखायचं कसं? तीन वर्गांत मॉडेलला काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाला एक-तृतीयांश, म्हणून सुरुवातीचा लॉस, म्हणजे आपला सरासरी दंड, ln 3, म्हणजे १.०९९ च्या आसपास असायला हवा. तो दोन्हीकडे तसाच दिसेल. फरक शेवटी दिसतो. सॉफ्टमॅक्स दोनदा लागला तर सगळ्यात चांगल्या उत्तरातही आत जाणाऱ्या संख्या १, ०, ० असतात, आणि त्यांचा पुन्हा सॉफ्टमॅक्स घेतला की ०.५७६ मिळतो. उणे लॉग ०.५५१. त्याखाली लॉस जाऊच शकत नाही. तीन वर्गांच्या मॉडेलचा ट्रेनिंग लॉस ०.५५ वर येऊन चिकटला, तर डेटाला दोष देण्याआधी ती ओळ बघा.

दुसरा घोळ याचा भाऊ. `NLLLoss` मधलं NLL म्हणजे negative log likelihood, पण नावात लॉग असलं तरी ते लॉग घेत नाही, लॉग घेतलेल्या संख्या मागतं. त्याला नुसत्या संभाव्यता दिल्या तर लॉस ऋण येतो, शून्य आणि उणे एकच्या मध्ये. तुम्ही प्रत्यक्षात −p हा दंड लावत असता, म्हणजे मघाचा तो छातीठोक बोलायला शिकवणारा १ − p, फक्त एकानं सरकलेला. ऋण लॉस दिसला की थांबायचं.

शेवटी उणे लॉगचं दुखणंही सांगायला हवं. त्याच्या दंडाला वरची मर्यादा नाही. पानावर तांबेरा आहे, पण लेबल लावताना कुणीतरी घाईत निरोगी लिहिलं. मॉडेल योग्य शिकलंय आणि निरोगीला ०.००१ देतं. दंड ६.९०८. ०.९ नं बरोबर आलेल्या पासष्ट फोटोंचा मिळून होतो तेवढा हा एकट्याचा, आणि मॉडेल त्या चुकीच्या लेबलकडे ओढलं जातं. यावर एक उपाय म्हणजे लेबल थोडं सैल करणं: खऱ्या वर्गाला १ ऐवजी ०.९ आणि उरलेला ०.१ वाटून द्यायचा. मग मॉडेलला टोकाच्या खात्रीचा मोह राहत नाही. पण त्यानं चुकीचं लेबल दुरुस्त होत नाही. मी आधी दुसरं काम करायला सांगेन. प्रत्येक फोटोचा दंड वेगळा साठवा, उतरत्या क्रमानं लावा, आणि वरचे पन्नास फोटो लेबल झाकून रोगाची जाण असलेल्या माणसाला दाखवा. त्यानं सांगितलेलं नाव आणि फाईलमधलं नाव शेजारी-शेजारी लिहा, आणि मगच पुढचं ट्रेनिंग सुरू करा.