"सर १० चा संपला" : एका मेसेजचा इंडेंट होतो तेव्हा

[मोबाइलची स्क्रीन. संध्याकाळची वेळ. मेसेज अक्षर अक्षर टाइप होताना दिसतो.]

"सर १० चा माल संपला २ टन पाठवा अर्जंट परवा स्लॅब आहे. वायर पण नाही. कव्हर ब्लॉक पण लागतील छोटे. सिमेंट २ दिवसाचं आहे फक्त."

एका दमात आलेला मेसेज आहे हा. साइट इंजिनियर सेंट्रिंगवर उभा आहे, खाली फिटर ओरडतोय, आणि त्याने एका हाताने हे टाइप केलंय. त्याला वाटतं सगळं सांगून झालं. पण प्रोजेक्ट मॅनेजरसमोर हे जसंच्या तसं ठेवलं तर सही होणार नाही, आणि न वाचता झालीच तर ते जास्त वाईट.

[ऑफिस. टेबलावर बीबीएसचे कागद, बाजूला स्टोअरचं रजिस्टर.]

मेसेजचा इंडेंट, म्हणजे माल मागणीचा कागद, करायचं काम प्लॅनिंगच्या मॅडमकडे आहे. लोकांना वाटतं यात भाषा नीट करायची असते, "पाठवा" च्या जागी "कृपया उपलब्ध करून द्यावे" लिहिलं की झालं. तसं नाहीये. भाषा शेवटच्या पाच मिनिटांत होते, त्याआधीचा सगळा वेळ जातो तो मेसेजमध्ये जे लिहिलंच नाही ते शोधण्यात.

"१० चा" म्हणजे १० मिलिमीटरची सळई, हे साइटवर कुणालाही कळतं. ग्रेड लिहिलेला नाही, तो ड्रॉइंगवरून घ्यायचा. लांबी लिहिलेली नाही, नेहमीची १२ मीटर, पण विचारून घेतलेलं बरं. खरा घोळ आहे "संपला" या शब्दात. कारण मॅडमनी स्टोअरचं रजिस्टर उघडलं तर तिथे १० मिमी ३१० किलो शिल्लक दिसतंय. मग संपला कसा?

[यार्ड. कापलेल्या सळ्यांचा ढीग.]

हे ते ३१० किलो. सगळे एक मीटरच्या आतले तुकडे. रजिस्टरला फक्त वजन कळतं, लांबी कळत नाही, त्यामुळे कागदावर माल आहे आणि स्लॅबला वापरायला नाही. इंजिनियर खोटं बोलत नाहीये आणि स्टोअरवालापण नाही. पण इंडेंटमध्ये हे लिहिलं नाही तर मॅनेजर रजिस्टर बघून पहिला प्रश्न हाच विचारणार आणि फाइल परत येणार.

आता २ टन. हा आकडा आला कुठून? इंजिनियरला फोन केला तर तो म्हणतो, "मॅडम अंदाजे, थोडं जास्तच असू दे." म्हणून बीबीएस काढायचं, म्हणजे कुठली सळई किती लांबीची किती नग याचा तक्ता. या स्लॅबला १० मिमी एकूण ४,२०० किलो लागतं. त्यातलं २,०५० किलो बांधून झालंय आणि ३८० किलो कापून वाकवून वर नेऊन ठेवलंय. राहिलं १,७७० किलो. कापण्यातली घट ३ टक्के धरली तर १,८२३. इथपर्यंत इंजिनियरचा अंदाज फार चुकलेला नाही, उलट उभ्या उभ्या केलेल्या अंदाजाला हे चांगलंच म्हणायचं.

पण मग मॅडम जुना इंडेंट उघडतात, आणि तिथे दिसतं की मागच्या मागणीतले ५०० किलो सप्लायरकडून अजून यायचेत. ऑर्डर गेलेली आहे, गाडी आलेली नाही. हे साइटवरच्या माणसाच्या डोक्यात नसतं, कारण त्याच्यासाठी गेटच्या आत न आलेला माल म्हणजे नसलेला माल. कागदावर मात्र तो धरलाच पाहिजे, नाहीतर तीच सळई दोनदा मागवली जाते, आणि महिन्याअखेरीस स्टीलचा हिशोब जुळवायला बसलं की जादा माल कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही.

[स्क्रीनवर हिशोब हाताने लिहिला जातो.]

१,८२३ वजा ५००, म्हणजे १,३२३ किलो. १० मिमी सळईचं वजन मीटरला ०.६१७ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण ७.४ किलो. १७९ सळ्या, वजन १,३२५ किलो. २ टनाची मागणी सव्वा टनाच्या थोडी वर येऊन थांबली.

मग तारीख. "परवा स्लॅब" ही काँक्रीट ओतायची तारीख झाली, माल लागायची नव्हे. सळई आल्यावर कापायची, वाकवायची, वर चढवायची, बांधायची, आणि चेकिंग झाल्याशिवाय काँक्रीटला परवानगी नाही. उलटं मोजत आलं की माल उद्या सकाळी १० च्या आत साइटवर हवा. इंडेंटमध्ये "अर्जंट" हा शब्द लिहून काही उपयोग नसतो कारण प्रत्येक मेसेजमध्ये तो असतोच. उद्या सकाळी १० आणि का, हे लिहिलं की मॅनेजरला काय करायचं ते कळतं.

बाकीचं पटकन. बाइंडिंग वायर टनाला साधारण ८ ते १० किलो जाते, बांधायचं राहिलंय सव्वादोन टनाच्या आत, म्हणून २० किलो. "छोटे" कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली ठेवायचे ठोकळे, २० मिमीचे की २५, हे मात्र अंदाजाने लिहायचं नाही, विचारायचं. उत्तर आलं, स्लॅबचे २०, बीमचे आहेत शिल्लक.

[पुन्हा मोबाइल. नवा मेसेज.]

कारणाचा रकाना राहिला. माल कमी का पडला? मॅडमना एक शंका आहे, बाल्कनीचं ड्रॉइंग मध्ये बदललं होतं. पण शंका आहे म्हणून ती इंजिनियरच्या नावावर खपवायची नाही, तो मेसेजमध्ये असं काही म्हणालेला नाही. विचारल्यावर तो सांगतो, "हो, सुधारित ड्रॉइंगमध्ये बाल्कनीला एक्स्ट्रा बार आले, पहिल्या इंडेंटमध्ये ते नव्हते." आता लिहिता येतं.

[स्क्रीनवर तयार इंडेंट.]

"सळई १० मिमी, ग्रेड ड्रॉइंगप्रमाणे, लांबी १२ मीटर. मागणी १,३२५ किलो, अंदाजे १७९ नग. आधीच्या इंडेंटमधले ५०० किलो उद्या येणार हे धरून. ते न आल्यास मागणी १,८२५ किलो. स्टोअरमधील ३१० किलो एक मीटरपेक्षा लहान तुकडे असल्याने धरलेले नाहीत. साइटवर आवश्यक: उद्या सकाळी १० पूर्वी, परवाच्या स्लॅबसाठी. कारण: सुधारित ड्रॉइंगमध्ये बाल्कनीच्या जादा सळ्या."

यात एकही भारी शब्द नाही बघा. मॅनेजर जे पाच प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं आधीच लिहिलेली आहेत, एवढंच. वायर आणि कव्हर ब्लॉक याच इंडेंटमध्ये खाली जातात कारण तेही त्याच स्लॅबला लागणार.

सिमेंटचा कागद वेगळा केला. स्लॅबचं काँक्रीट प्लांटवरून तयार येणार आहे, गोणीतलं सिमेंट जातंय ब्लॉकच्या बांधकामाला, त्याचा सप्लायर वेगळा, खर्चाचं हेड वेगळं, घाईही वेगळी. एकत्र लिहिलं तर सिमेंटच्या एखाद्या प्रश्नापायी सळई अडकून बसते. आणि "२ दिवसाचं" ही काही मागणी नाही. रोज ४० गोण्या लागतात, शिल्लक ८४, म्हणजे दोन दिवसाचं हे बरोबर आहे. पुढच्या सात दिवसांतला एक दिवस मजूर स्लॅबवर जाणार, बांधकाम बंद, म्हणून सहाच दिवस धरायचे. २४० वजा ८४, १५६ गोण्या, मागणी १६०.

सळईच्या इंडेंटवर त्याच रात्री सही झाली. सिमेंटच्या कागदावर मॅनेजरने पेनने लिहिलं, "गोडाऊनमध्ये १६० ची जागा आहे का?" आणि तो परत पाठवला.