ट्रकमध्ये काय आणि खांद्यावर काय: दिंडीच्या सामानाची यादी

(आषाढी वारीपूर्वी दिंडीच्या व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

राम कृष्ण हरी, माऊली.

दरवर्षी आपण सामानाची यादी करतो ती वाण्याच्या यादीसारखी. तांदूळ इतका, डाळ इतकी, ताडपत्र्या इतक्या, औषधांचा डबा एक. सगळं भरलं जातं आणि तरीही वाटेत नेमकी हवी ती वस्तू मिळत नाही, कारण ती असते ट्रकमध्ये आणि ट्रक असतो पुढच्या मुक्कामी. म्हणून यादीत प्रत्येक वस्तूपुढे किती हवी याच्या जोडीला अजून एक रकाना आखा: ही वस्तू कुठल्या वेळी लागणार आणि त्या वेळी ती कुणाजवळ असेल?

पुण्याहून सासवडला जातो तो दिवस घेऊ. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी नेमकी एकादशी. आपल्या दिंडीत शंभर माणसं आहेत असं धरून चालू.

सामानाच्या गाड्या पहाटेच पुढे जातात. एकदा रस्ता वारकऱ्यांनी भरला की ट्रकला मागे फिरता येत नाही. म्हणजे पहाटेपासून सासवडला राहुटी दिसेपर्यंत ट्रक आपल्यासाठी नाहीच असं समजायचं. प्रत्येकाच्या खांद्याच्या पिशवीत पाण्याची बाटली, डोक्यावर घ्यायला प्लास्टिक, एक कोरडा कपडा, बॅटरी आणि स्वतःच्या रोजच्या गोळ्या हव्यातच. रक्तदाबाची, साखरेची गोळी वळकटीत बांधून ट्रकमध्ये टाकणारे लोक दर वर्षी निघतात. गाडी हलण्याआधी राहुटीप्रमुखाने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: ‘गोळ्या कुठं आहेत?’ पिशवीत हात घालून दाखवल्या तर ठीक.

आता उपासाचं. साबुदाणा भिजवून पातेलं ट्रकमध्ये ठेवू आणि वडकी नाल्याला खिचडी करू, हा बेत करू नका. दमट हवेत भिजलेला साबुदाणा आंबतो, आणि वडकी नाल्याच्या गर्दीत आपली गाडी सापडेलच असं नाही. खिचडी पुण्यातच पहाटे करा, गरम असताना वाढा आणि तिथंच संपवा. शंभर जणांना कोरडा साबुदाणा आठ किलो पुरतो, दाण्याचं कूट तीन किलो. दुपारसाठी प्रत्येकाच्या हातात राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे-गूळ आणि केळी द्या. हे खांद्यावर जातं आणि बिघडत नाही. रात्री सासवडला भगर आणि दाण्याची आमटी. भगर साडेसात किलो आणि आमटीला शेंगदाणे चार किलो धरा.

भगरीबद्दल थोडं थांबून सांगतो. उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात. पावसाळी हवेत भगरीला आणि विशेषतः तिच्या पिठाला बुरशी लागते, ती डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि काही बुरशींचं विष शिजवूनही जात नाही. म्हणून भगरीचं पीठ यादीत नकोच. अख्खी भगर, बंद पाकिटातली, तारीख पाहून घ्यायची, ट्रकमध्ये जमिनीला न टेकता झाकणाच्या डब्यात ठेवायची. वास कुबट आला किंवा दाणे चिकटून गोळा झाले असतील तर सरळ टाकून द्यायची. साखरेच्या आजाराचे जे लोक इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात, त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवा. उपास करायचा की नाही हे त्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठरवलेलं असावं, घाटात नव्हे.

औषधांचे डबे दोन करा. मोठा ट्रकमध्ये, लहान चालणाऱ्याच्या खांद्यावर, विणेकऱ्यांच्या जवळपास, म्हणजे शोधायला सोपा. लहान डब्यात गॉज, कागदी चिकटपट्टी, जंतुनाशक, पॅरासिटामॉल आणि ओआरएस एवढं असलं तरी दिवस निभावतो. फोड आला तर त्यावरची कातडी कापू नका. पाय धुऊन कोरडा करा, गॉज लावा, चिकटपट्टी लावा. साखरेच्या माणसाला पायाची जखम कळत नाही, त्याचे तळवे दुसऱ्याने संध्याकाळी बॅटरी लावून बघायचे.

ओआरएसच्या पुड्या दोन मापांच्या येतात. मोठी एक लिटर पाण्यासाठी, लहान 200 मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ओतली तर ते इतकं खारट होतं की त्याने उलट त्रास होतो. म्हणून मोठ्याच पुड्या घ्या आणि एक लिटरच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून तीच मापाला वापरा. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. दुखण्यावरच्या जोरदार गोळ्या डब्यातून सरसकट वाटू नका. उपाशी पोट, कमी झालेलं पाणी आणि म्हातारं शरीर असेल तर त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसत नाहीत. आणि कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापून चटका बसू लागला, तर डबा उघडत बसू नका: सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

ट्रक भरताना उलटा विचार करावा लागतो. जे सासवडला सर्वांत आधी लागणार, ते शेवटी चढवायचं. पाऊस असेल तर आधी ताडपत्री आणि राहुटीचे खांब लागतात, मग वळकट्या, म्हणून वळकट्या आत आणि ताडपत्र्या फाळक्याजवळ. गॅसची भरलेली टाकी माणसांच्या सामानात नाही, स्वयंपाकाच्या गाडीत, उभी आणि दोरीने बांधलेली. प्रत्येक राहुटीचा एक रंग ठरवा आणि त्या रंगाची कापडी पट्टी सगळ्यांच्या वळकटीला बांधा. वर नंबर, आत चिठ्ठीवर नाव, दिंडी क्रमांक आणि फोन. बाहेरची पट्टी तुटली तरी आतली चिठ्ठी राहते. गाडी सुटताना रंगवार मोजा. ‘केशरी बारा, निळ्या चौदा’ असं मोठ्यानं म्हणत चढवलं, की उतरवताना कुठली कमी आहे ते पाच मिनिटांत कळतं.

तरीही वस्तू हरवतातच. त्यासाठी एक वही आणि तिची जबाबदारी एकाच माणसाकडे. डाव्या पानावर हरवलेलं, उजव्या पानावर सापडलेलं. कुठे, कधी, कुणाला. सापडलेल्या वस्तूचं सगळं वर्णन मोठ्यानं सांगू नका. ‘एक चष्मा सापडला’ एवढंच सांगा, फ्रेमचा रंग मागणाऱ्याने सांगायचा. दिंडीबाहेरचं असेल तर संध्याकाळच्या समाजआरतीच्या वेळी चोपदारांकडे द्या. हरवल्या-सापडल्याची घोषणा तिथं होते आणि सगळा तळ शांत होऊन ऐकतो. पैसे आणि दागिने दोघांसमोर मोजून, पाकिटात घालून, दोघांच्या सह्या घ्यायच्या.

सापडलेला फोन बंद करू नका, चार्ज करून ठेवा, कारण मालक त्याच्यावरच फोन करणार. आपल्या माणसांचं मात्र निघण्याआधी एक काम करून घ्या: प्रत्येकाने फोनवर *#06# दाबून येणारा आयएमईआय नंबर वहीत लिहायचा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन, त्याच नंबरावरून सरकारच्या सीईआयआर संकेतस्थळावर तो बंद करता येतो. पंढरपूरला परतीच्या गाड्या सुटण्याआधी वहीची दोन्ही पानं समोरासमोर ठेवून वाचा. जे कुणाचंच निघालं नाही ते तिथल्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि ती पोच वहीलाच चिकटवा.